रिपोर्टर म्हणतो ‘ब्लॉकर’, टीम म्हणते S3: नव्या बगची सिव्हिरिटी ठरवताना काय तपासायचं

फायरफॉक्सचे बग मोझिलाच्या बगझिलावर नोंदवले जातात. नव्याने आलेल्या बगची छाननी, म्हणजे ट्रायाज, करायला बाहेरचे स्वयंसेवकही हातभार लावू शकतात. या कामात नवखा माणूस अडतो तो बहुतेक एकाच जागी. बग नोंदवणारा म्हणतो “सगळं ठप्प झालंय” आणि टीममधला कोणी म्हणतो “किरकोळ आहे, सावकाश बघू”. दोघंही आपापल्या जागी खरं सांगत असतात. अशा वेळी मधल्या माणसाने काय करायचं, ते एकच बग हातात धरून पायरीपायरीने बघू. हा बग उदाहरणासाठी रचलेला आहे, तो तपासायची पद्धत मात्र खरी आहे.

बगचं शीर्षक समजा असं आहे: “ब्लॉकर!! फायरफॉक्समध्ये मराठी लिहिताच येत नाही.” आतला मजकूर: “मी एका पतसंस्थेत काम करतो. सभासदांची नावं ऑनलाइन फॉर्ममध्ये भरतो. सेव्ह केल्यावर आडनाव गायब होतं. काल भरलेले सगळे फॉर्म आज पुन्हा तपासावे लागले. ताबडतोब दुरुस्त करा.” त्याखाली टीममधल्या एका इंजिनिअरची कॉमेंट: “सेव्हवर क्लिक करण्याआधी स्पेस दाबली तर शब्द राहतो. S3 वाटतो.”

दोन खाने, दोन वेगळे प्रश्न

बगझिलात सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटी असे दोन वेगळे खाने आहेत. सिव्हिरिटी सांगते बगमुळे वापरणाऱ्याचं किती नुकसान होतं. प्रायॉरिटी सांगते टीम त्याला कधी हात घालणार. रिपोर्टर आणि टीम यांच्यातले निम्मे वाद हे दोन प्रश्न एकात मिसळल्यामुळे होतात.

मोझिलाने 2020 मध्ये सिव्हिरिटीची जुनी नावं, म्हणजे ब्लॉकर, क्रिटिकल, मेजर वगैरे, बाजूला ठेवून S1 ते S4 अशी पट्टी आणली. S1 म्हणजे अनर्थ: डेटा जातो, किंवा पंचवीस टक्क्यांहून अधिक वापरकर्त्यांना फटका बसू शकतो, किंवा डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगच अडून बसतं, आणि पर्यायी वाट नसते. S2 म्हणजे महत्त्वाची सोय गंभीरपणे बिघडली आहे आणि समाधानकारक वर्कअराउंड, म्हणजे पर्यायी वाट, नाही. S3 म्हणजे दुय्यम सोय बिघडली आहे, किंवा वर्कअराउंड आहे. S4 म्हणजे दिसण्यापुरता, नगण्य दोष.

प्रायॉरिटीत P1 म्हणजे चालू रिलीज सायकलमध्येच दुरुस्त करायचं, P2 म्हणजे पुढच्या एक-दोन सायकलमध्ये, P3 म्हणजे शिल्लक कामांच्या यादीत. P5 म्हणजे टीम स्वतः करणार नाही, पण कोणी पॅच आणला तर घेईल. P4 माणसांनी वापरायचा नसतो.

हे दोन्ही खाने भरायचा शेवटचा अधिकार त्या कंपोनंटच्या ट्रायाज ओनरचा आणि त्या टीमच्या इंजिनिअरांचा. नव्या माणसाकडे फील्ड बदलायचे अधिकार सुरुवातीला नसतातही. म्हणून तुमचं काम आकडा टाकणं हे नव्हेच. ज्यावरून आकडा आपोआप ठरेल अशी माहिती गोळा करून मांडणं, हे तुमचं काम. प्रायॉरिटीच्या वाटेला तर जाऊच नका. टीममध्ये माणसं किती आहेत आणि त्यांच्या हातात आत्ता काय आहे, हे बाहेरून दिसत नाही.

पहिली पायरी: रिपोर्ट तीन ढिगांत वाटा

रिपोर्टमधलं प्रत्येक वाक्य घ्या आणि विचारा, हे घडलेलं सांगतंय, झालेलं नुकसान सांगतंय, की मागणी करतंय?

“सेव्ह केल्यावर आडनाव गायब होतं” हे घडलेलं. ते तपासता येतं. “काल भरलेले सगळे फॉर्म आज तपासावे लागले” हे नुकसान. ते सिव्हिरिटीसाठी कामाचं आहे, आणि त्याला रिपोर्टरइतका चांगला साक्षीदार दुसरा कोणी नाही. “ताबडतोब दुरुस्त करा” ही मागणी. ती प्रायॉरिटीकडे जाते आणि तिचा निर्णय टीम घेते. राहिलं शीर्षक. “मराठी लिहिताच येत नाही” हा रिपोर्टरने काढलेला निष्कर्ष आहे. तो खोटा ठरवायच्या मागे लागू नका. तो कशावरून काढला असेल ते शोधा.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रिपोर्टर रागावलेला असला की त्याच्या रिपोर्टमधली दुसऱ्या ढिगातली वाक्यंही आपण नकळत तिसऱ्या ढिगात टाकतो, म्हणजे त्याचा त्रासही नुसता आरडाओरडा समजतो. आपल्या उदाहरणातल्या इंजिनिअरने तेच केलं आहे. “फॉर्म आज पुन्हा तपासावे लागले” या वाक्यात एक मोठी माहिती दडली आहे: नावं कापली गेली हे भरणाऱ्याला त्या वेळी कळलंच नाही. तिकडे आपण पुन्हा येऊ.

ढीग पाडताना एक अपवाद लक्षात ठेवा. रिपोर्टमध्ये सुरक्षेचा प्रश्न आहे अशी शंका आली, उदाहरणार्थ एका साइटला दुसऱ्या साइटचा डेटा दिसतो आहे, तर तिथेच थांबा. उघड कॉमेंटमध्ये तपशील लिहू नका. बग सुरक्षेच्या गटात हलवून तो सर्वांपासून झाकण्याची सोय आहे. अधिकार नसेल तर ज्यांना आहे त्यांना लगेच खासगीत कळवा. सिव्हिरिटीची चर्चा त्यानंतर.

दुसरी पायरी: तोच बिघाड स्वतः करून बघा

आधी कोरी प्रोफाइल. अॅड्रेस बारमध्ये `about:profiles` टाइप करा, नवी प्रोफाइल तयार करा आणि तीच वापरून ब्राउझर उघडा. जुन्या प्रोफाइलमधली एक्स्टेन्शन आणि बदललेल्या सेटिंग यांनी अनेकदा दिशाभूल होते. कोऱ्या प्रोफाइलमध्ये बिघाड दिसला नाही, तर रिपोर्टरकडून `about:support` या पानावरचा मजकूर मागवा. त्यात आवृत्ती, एक्स्टेन्शन आणि बदललेल्या सेटिंग असं सगळं एका जागी मिळतं.

आपल्या उदाहरणात तुम्ही नवी प्रोफाइल उघडली, विंडोजवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला, “सुनीता पाटील” टाइप केलं, सेव्ह केलं. पूर्ण नाव राहिलं. इथे नवखा ट्रायाजर “माझ्याकडे होत नाही” असं लिहून बग WORKSFORME म्हणून बंद करायला निघतो. थोडं थांबा. मराठी टाइप करण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत आणि ब्राउझरला त्या सारख्या दिसत नाहीत. इनस्क्रिप्टमध्ये प्रत्येक कळ थेट देवनागरी अक्षर किंवा मात्रा पाठवते. फोनेटिकमध्ये तुम्ही `patil` असं टाइप करता, शब्दाखाली रेघ येते, पर्याय दिसतात, आणि स्पेस किंवा एंटर दाबेपर्यंत तो शब्द कच्चाच असतो. या मधल्या अवस्थेला कंपोझिशन म्हणतात. कच्चा शब्द पक्का न करताच माउसने दुसरीकडे क्लिक केलं, तर तो शब्द पक्का करून मग क्लिक पोहोचवणं ही ब्राउझरची जबाबदारी.

म्हणजे रिपोर्टरला विचारायचा प्रश्न एकच: “तुम्ही कोणता कीबोर्ड वापरता, आणि सेव्ह करताना शेवटच्या शब्दाखाली रेघ दिसते का?” हा प्रश्न रिपोर्टरच्या नावाने `needinfo` लावून विचारा, म्हणजे त्याला सूचना जाते आणि बगवरही उत्तर बाकी असल्याची खूण राहते. एका वेळी एक किंवा दोनच प्रश्न विचारा. दहा प्रश्नांची यादी धाडली की चिडलेला माणूस उत्तरच देत नाही, आणि काही काळाने बग INCOMPLETE म्हणून बंद होतो. बिघाड मात्र तसाच राहतो.

उत्तर आलं: फोनेटिक, आणि हो, रेघ असते. तुम्ही फोनेटिक लावून बघितलं आणि बिघाड पहिल्याच खेपेला दिसला. “सुनीता” राहिलं, “पाटील” गेलं. आता तीच कृती दुसऱ्या ब्राउझरमध्ये करा. तिथेही शब्द जात असेल तर दोष त्या साइटच्या कोडमध्ये असण्याची शक्यता मोठी, आणि मग बगचा पत्ताच बदलतो. आपल्या उदाहरणात दुसऱ्या ब्राउझरमध्ये नाव पूर्ण राहिलं. मग एक साधं एचटीएमएल पान करून त्यातही बघा, म्हणजे साइटचा संबंध पुरताच तुटतो:

```
<input id="n">
<button onclick="alert(n.value)">सेव्ह</button>
```

इतकं छोटं पान बगला जोडलं की इंजिनिअरला पतसंस्थेच्या फॉर्ममध्ये लॉगिन करावं लागत नाही. सिव्हिरिटीवर दहा कॉमेंट लिहिण्यापेक्षा या दोन ओळींनी बग लवकर पुढे सरकतो.

तिसरी पायरी: कधीपासून बिघडलं

पूर्वी चालत होतं आणि आता चालत नाही, अशा बगला रिग्रेशन म्हणतात. कोणत्या बदलाने बिघडलं ते शोधायला `mozregression` नावाचं साधन आहे. आकडे इथे फक्त नमुन्याचे:

```
pip install mozregression
mozregression --good 140 --bad 142
```

हे साधन दोन टोकांच्या मधली एक आवृत्ती उतरवून कोऱ्या प्रोफाइलमध्ये उघडतं. तुम्ही बघायचं आणि `good` किंवा `bad` असं सांगायचं. दर वेळी उरलेली निम्मी यादी गळते, त्यामुळे दोन महिन्यांच्या रोजच्या साठेक बिल्डमधून नेमका दिवस सहा खेपांत सापडतो. पुढे तेच साधन त्या दिवशीच्या एकेका बदलापर्यंत नेऊन सोडतं.

कमांड लाइनची सवय नसेल तर याची खिडकीवाली आवृत्तीही मिळते. सापडलेला बदल ज्या बगखाली झाला, त्याचा क्रमांक `Regressed by` या खान्यात जातो. तो भरला की मोझिलाचा बॉट त्या बदलाच्या लेखकालाच `needinfo` लावतो आणि सिव्हिरिटी ठरवायला सांगतो. वाद घालणारी दोन माणसं बाजूला राहतात आणि ज्याला आतलं नेमकं माहीत आहे असा तिसरा माणूस येतो.

एक फरक मात्र नीट सांभाळा. रिग्रेशन असल्याने सिव्हिरिटी वाढत नाही. वापरणाऱ्याचं नुकसान तेवढंच राहतं. बदलतो तो प्रायॉरिटीचा हिशोब: बदल ताजा असेल तर तो मागे घेणं सोपं असतं, आणि बिघाड अजून सगळ्यांपर्यंत पोहोचलेला नसेल तर वेळेवर थांबवता येतो. म्हणून “रिग्रेशन आहे, तेव्हा S1 करा” असं लिहू नका.

चौथी पायरी: वर्कअराउंडची कसोटी

आपल्या बगमध्ये मतभेदाचं मूळ इथे आहे. इंजिनिअर म्हणतो, स्पेस दाबा, शब्द राहतो. म्हणजे वर्कअराउंड आहे, म्हणजे S3. व्याख्येच्या अक्षरावर गेलं तर बरोबर. पण S2 च्या व्याख्येत ‘समाधानकारक’ हा शब्द उगाच घातलेला नाही. वर्कअराउंड समाधानकारक आहे का, हे ठरवायला मी तीन गोष्टी बघते.

एक, बिघाड झाल्याचं माणसाला कळतं का? पान उघडलंच नाही तर कळतं, आणि माणूस दुसरी वाट शोधतो. इथे फॉर्म सेव्ह होतो, सगळं ठीक असल्याचा संदेशही येतो, आणि आडनाव मात्र पोहोचत नाही. ज्याला बिघाड झाल्याचंच माहीत नाही, तो स्पेस कशासाठी दाबेल? गुपचूप होणारं नुकसान वर्कअराउंडने झाकत नाही. रिपोर्टरने दुसऱ्या दिवशी सगळे फॉर्म तपासले, या वाक्यातली माहिती ती हीच.

दोन, वर्कअराउंड कोणाच्या आवाक्यातला आहे? “इनस्क्रिप्ट वापरा” असंही कोणी सुचवेल. रोमन अक्षरांतून मराठी लिहायला शिकलेल्या माणसासाठी ते म्हणजे टायपिंग नव्याने शिकणं आहे. “अमुक सेटिंग `about:config` मध्ये बदला” हा इंजिनिअरसाठी वर्कअराउंड आहे, पतसंस्थेतल्या कारकुनासाठी नाही.

तीन, तो किती वेळा करावा लागतो? आठवड्यातून एकदा एखादी जादा कृती माणूस सहन करतो. प्रत्येक फॉर्मच्या प्रत्येक खान्यानंतर लक्षात ठेवून स्पेस दाबायची, यात चूक होणारच.

तिन्ही उत्तरं प्रतिकूल आली. म्हणजे S3 टिकत नाही. पण रिपोर्टरचा S1 ही टिकत नाही, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवं. मराठी लिहिता येतं. इनस्क्रिप्टला धक्का नाही, आणि आधी साठवलेली नावं पुसली जात नाहीत. नव्याने भरलेला शेवटचा शब्द, एका ठरावीक कीबोर्डवर, माउसने क्लिक केल्यास जातो. डेटा जातो हे खरं, पण एक शब्द पुन्हा भरता येतो. दिसतंय ते S2.

पाचवी पायरी: थोड्या लोकांचा बग

S1 च्या व्याख्येतला पंचवीस टक्क्यांचा निकष पुन्हा वाचा. जगभरच्या फायरफॉक्स वापरणाऱ्यांत मराठी फोनेटिकवर लिहिणारे इतके थोडे आहेत की त्या निकषावर मराठीचा कोणताही बग कधीच बसणार नाही. तमिळचाही नाही आणि नेपाळीचाही नाही. इंजिनिअर नुसत्या आकड्यांवर चालला तर लहान भाषांचे बग कायम S3 मध्ये पडून राहतील. यात त्याचा दुजाभाव असतोच असं नाही. पट्टीच तशी आहे.

म्हणून असे बग मांडताना दोन्ही आकार लिहा: एकूण वापरकर्त्यांत हे थोडे, पण ज्यांना लागतो त्यांना दर वेळी लागतो. S2 ला लोकसंख्येची अट नाही, महत्त्वाची सोय बिघडली असण्याची आहे, आणि अक्षरं टाइप करता येणं याहून महत्त्वाची सोय ब्राउझरमध्ये क्वचितच सापडेल. अपंग व्यक्तींना अडवणाऱ्या बगसाठी मोझिलाने बगझिलात `Accessibility Severity` हा वेगळा खाना ठेवला आहे. त्यामुळे थोड्या लोकांचा पण त्यांना पूर्ण अडवणारा दोष एकूण गर्दीत हरवत नाही. भाषेसाठी असा खाना नाही, तेव्हा ते काम कॉमेंटलाच करावं लागतं. आपला बग आणखी कोणाला लागू आहे तेही बघा: हिंदी, गुजराती, बंगाली फोनेटिकवर तेच होतं का? प्रत्येक कीबोर्डला पाच मिनिटं लागतात. तिन्हीकडे होत असेल, तर “मराठीचा बग” हे वर्णनच चुकीचं ठरतं आणि बाधित लोकांची संख्या कितीतरी पट होते.

सहावी पायरी: कॉमेंट लिहिणं

बगझिलावर व्यवहार इंग्रजीत चालतो. मजकुराचा गाभा मात्र असा ठेवा:

“विंडोज 11, मराठी, हिंदी आणि गुजराती फोनेटिक, कोरी प्रोफाइल: दर वेळी होतं. इनस्क्रिप्टवर होत नाही. दुसऱ्या ब्राउझरमध्ये होत नाही. चाचणीचं पान जोडलं आहे. पूर्वीच्या आवृत्तीत ठीक होतं, कारणीभूत बदल `Regressed by` मध्ये दिला आहे. शब्द कोणतीही सूचना न देता जातो, त्यामुळे स्पेस दाबण्याचा उपाय फक्त बिघाड माहीत असलेल्यालाच उपयोगी. म्हणून S2 सुचवते. आधी साठवलेला डेटा सुरक्षित असल्याने S1 सुचवत नाही.”

शेवटची तीन वाक्यं गाळू नका. पहिल्याने इंजिनिअरला कळतं की त्याचं म्हणणं वाचून मग उत्तर दिलं आहे. बाकीच्या दोहोंनी रिपोर्टरला कळतं की त्याचा बग कमी लेखला गेला नाही, पट्टीवर मोजला गेला. शीर्षकही बदलून घ्या: “विंडोजवर फोनेटिक कीबोर्डने लिहिताना बटणावर क्लिक केल्यास कच्चा शब्द नाहीसा होतो.” ‘ब्लॉकर’ शब्द काढताना कॉमेंटमध्ये एका ओळीत तसं सांगा. न सांगता काढला तर रिपोर्टर तो परत घालतो आणि खेचाखेची सुरू होते.

तरीही त्याने पुन्हा S1 चा आग्रह धरला, तर फील्ड पुढेमागे करत बसू नका. त्याला सांगा कोणत्या माहितीने मत बदलेल: आधी साठवलेलं नाव उघडून नुसतं सेव्ह केलं तरी शब्द जातो का? स्पेस दाबूनही कधी जातो का? यातल्या एकाचं उत्तर ‘हो’ आलं तर S1 चा विचार खरोखर व्हायला हवा, आणि तो तुम्हीच मागावा. दोन्ही ‘नाही’ असतील तर ट्रायाज ओनरला `needinfo` लावा आणि बाजूला व्हा.

रिपोर्टर कमी सांगतो तेव्हा

वाद फक्त वरच्या बाजूने होतो असं समजू नका. “बारीकशी गोष्ट आहे, पण नोंदवून ठेवतो. अपडेटनंतर बुकमार्कचा क्रम थोडा बदलला” अशा रिपोर्टवर कोणी भांडत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा. क्रम बदलला की काही बुकमार्क गेलेही, हे विचारा. मोजून सांगायला सांगा. गेले असतील तर तो डेटा गमावणारा बग आहे आणि नोंदवणाऱ्याच्या नम्रपणामुळे S4 मध्ये पडून राहील. घाईघाईने वाचताना ‘थोडं’, ‘कधीकधी’, ‘बहुतेक माझीच चूक’ हे शब्द दिसले की मी वेग कमी करते.

सिव्हिरिटी एकदा ठरली म्हणजे कायमची ठरली असंही नाही. तोच बिघाड दुसऱ्या शब्दांत नोंदवणारे रिपोर्ट येत राहतात: कोणी लिहितं “हिंदीत नाव अर्धं जातं”, कोणी “चॅटमध्ये शेवटचा शब्द पाठवला जात नाही”. ते शोधून मूळ बगला DUPLICATE म्हणून जोडत जा. S3 किंवा S4 वर पडलेल्या बगला बरेच डुप्लिकेट किंवा मतं जमली, की मोझिलाचा बॉट स्वतःहून टीमला विचारतो, सिव्हिरिटी वाढवायची का? तुमचा S2 टीमने मान्य केला नाही आणि बग S3 वरच राहिला, तर पुढचे काही आठवडे शोधाच्या खान्यात `composition`, `IME`, `phonetic`, `last word` हे शब्द टाकून नवे रिपोर्ट चाळत राहा, आणि सापडेल तो जोडा.